‘आपण’ म्हणजे कोण?

आमच्या ऑफिसात ड्युटीताईंचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, आणि ते मी दर महिन्याला लिहितो. पण समोर आल्या की ते माझ्याही तोंडात येत नाही. घरी पडून असलेल्या आजाऱ्यांकडे आम्ही बायका पाठवतो. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, औषधं देणं, सगळं त्या करतात. त्यांना सगळे मावशी म्हणतात. कुठल्या मावशीनं कुणाकडे जायचं, ती आजारी पडली तर तिच्या जागी कुणी जायचं, हे फोनवरून ठरवतात त्या ड्युटीताई. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर हिशेब बघतो. मधे एक खिडकी आणि एक पंखा. पंखा कुणाकडे फिरवायचा यावरून आमचं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे, आणि ते मिटावं असं दोघांनाही वाटत नाही.

ताई स्वतः आधी मावशीच होत्या. एका जाड्या पेशंटला खुर्चीतून उचलताना कंबर गेली. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाही. दुसरी एखादी असती तर घरी बसली असती. ताई पाठीला पट्टा बांधून मॅडमसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पाठ गेली मॅडम, तोंड शाबूत आहे. फोनवर बसवा.” मॅडमना हसू आलं आणि त्यांनी बसवलं. आमची एजन्सी मॅडमच्या एकटीच्या जिवावर चालते. बाई तापट आहे, पण दगड नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्यावर मी बरंच तोंड टाकणार आहे.

ताईंचं शिक्षण बेताचं. पण इंग्रजी वाचता येतं, आणि ते कुठून आलं ते ऐकाल तर हसाल. औषधांच्या खोक्यात पातळ कागदाची घडी असते ना, मुंगीएवढ्या अक्षरांची? पेशंट झोपला की ताई ती घडी उलगडून वाचत बसायच्या. एका बाजूला इंग्रजी, कधी दुसऱ्या बाजूला मराठी, शेजारी डिक्शनरी. वर्षानुवर्षं. त्यामुळे त्यांचं सगळं इंग्रजी औषधी आहे. बँकेचं पत्र आलं तरी म्हणतात, “भाऊ, याचे साइड इफेक्ट्स शेवटच्या पानावर असतील बघा.” आणि खरंच, असतात की हो शेवटच्या पानावर!

तर झालं असं. ऑडिटरनं आमच्या वह्यांवर लाल पेन फिरवला. आमच्याकडे पूर्वापार पद्धत अशी की पेशंटकडे अचानक काही लागलं, हातमोजे म्हणा, डायपर म्हणा, मलम म्हणा, तर मावशी घरच्यांकडून रोख पैसे घ्यायच्या आणि आणायच्या. उरलेले परत दिले की नाही यावरून मग घरोघरी तंटे. काही मावशी पदरचे घालायच्या आणि नंतर मॅडमच्या टेबलाच्या खणातून तोंडी हिशेबावर घेऊन जायच्या. बिल नाही, पावती नाही, मी मात्र डोकं धरून बसलेलो. ऑडिटर म्हणाला, हे बंद करा, लेखी नियम करा. मॅडमनी त्याच्याकडूनच नियम लिहून घेतले. छान इंग्रजीत, पानभर. आणि ते मावश्यांना कळावेत म्हणून मॅडमच्या भाच्यानं ते भाषांतरासाठी कॉम्प्युटरला खाऊ घातले आणि जे बाहेर पडलं ते थेट मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं.

काय सांगू! त्यात ‘सीलिंग’चं छत होऊन लिहिलं होतं की प्रवासखर्च ‘छताच्या अधीन राहील’. इंग्रजीतल्या ‘एंटरटेन’पायी उशिरा आलेल्या दाव्यांचं ‘मनोरंजन केलं जाणार नाही’. दिवसभर फोन खणखणत होता. एका मावशीनं विचारलं, छत कुठलं, पेशंटच्या घराचं की आमच्या? दुसरी म्हणाली, मनोरंजन नको बाई, पैसे तेवढे वेळेवर द्या. ताई हसून हसून कंबर धरून बसल्या. संध्याकाळी मॅडम बाहेर आल्या आणि कागद ताईंच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “हे तुम्ही लिहा. साध्या मराठीत. माझ्या बायकांना कळलं पाहिजे.”

ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कुणी हातात बाळ द्यावं तसा कागद धरला होता त्यांनी.

त्यांचे यजमान शिंपी आहेत. घरातल्या पुढच्या खोलीत मशीन, त्यावर दिवसभर बाह्या आखूड करणं, चेन बसवणं. एका कानानं कमी ऐकतात. ताईंनी कागद घरी नेला आणि एकेक वाक्य मराठीत करून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मशीन चालू असताना. मशीन न थांबवता ते “बरं” म्हणाले की वाक्य पास. “काय?” म्हणून पाय थांबवला की वाक्य नापास, परत लिहायचं. दुसऱ्या दिवशी ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी थट्टा केली, पण मनात म्हटलं, ऑडिटरला या मशीनसमोर बसवायला पाहिजे होतं.

मग आमची घासाघीस सुरू झाली. इंग्रजी कागद माझ्या हातात, मराठी त्यांच्या. मी एकेक कलम वाचायचं, त्यांनी सांगायचं. बसनं जायचं तर तिकीट जपून ठेवायचं, तेवढे पैसे मिळतील. टॅक्सी करायची तर आधी विचारायचं. बिलावर दुकानाचं नाव आणि तारीख पाहिजे. या महिन्याची बिलं पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत ऑफिसात, नंतर आली तर घेणार नाही. घरच्यांकडून रोख पैसे घ्यायचे नाहीत. इथपर्यंत सगळं लोण्यासारखं गेलं. गाडी अडली ती पेशंटच्या सामानावर.

इंग्रजीत होतं की अशी तातडीची खरेदी कर्मचाऱ्यानं प्रथम स्वतः करावी, बिल दिल्यावर एजन्सी ती रक्कम पगाराबरोबर देईल, आणि पेशंटच्या महिन्याच्या बिलात लावून वसूल करेल. ठरलेल्या मर्यादेच्या वर खरेदी असेल तर ड्युटी लावणाऱ्या व्यक्तीची आधी परवानगी घ्यावी. म्हणजे ताईंचीच.

“कर्मचाऱ्यानं नको,” ताई म्हणाल्या. “कोर्टाचा कागद वाटतो. मावशी वाचतानाच घाबरतील.”

“मग ‘तुम्ही’ लिहा. ‘आधी तुम्ही खर्च करायचा.’”

“छे हो! खुर्चीत बसून ‘तुम्ही करायचं, तुम्ही आणायचं’ म्हणू? कालपर्यंत मी पण भांडी आणि बेडपॅन धुतलीत त्यांच्याबरोबर. फोनवर मी त्यांना काय म्हणते? आपण उद्या अमक्यांकडे जायचं, आपण वेळेवर पोचायचं. तसंच लिहिते.”

आणि त्यांनी लिहिलं: ‘पेशंटसाठी अचानक काही आणावं लागलं तर आधी आपण खर्च करायचा. बिल दिलं की पैसे पगाराबरोबर मिळतील. मोठा खर्च असेल तर आधी ड्युटीताईंना फोन करायचा.’ पेशंटच्या बिलात लावून वसूल करण्याचं त्यांनी गाळलं. म्हणाल्या, ते मावश्यांना कशाला, ती तुमची आणि मॅडमची भानगड. मलाही ते पटलं. मॅडमनी वाचलं, “वा! किती गोड झालंय,” म्हणाल्या आणि सही ठोकली. शिंप्याचं मशीनही म्हणे न थांबता पुढे गेलं होतं.

आता उंचमावशींबद्दल सांगतो. दारातून आत येताना वाकतात, म्हणून उंचमावशी. बोलणं कमी, हात मोठे आणि फार हलके. त्या एका आजींकडे होत्या. आजी अर्धांगानं पडलेल्या, बोलणं गेलेलं. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला तर तोंड मिटून घ्यायच्या. उंचमावशींकडून मात्र खायच्या. घरात मुलगा आणि सून. मुलगा कामानिमित्त सारखा बाहेरगावी, सून सकाळी जाऊन संध्याकाळी येणारी. आजींच्या पाठीला जखम झाली होती, म्हणून त्यांना हवेच्या गादीवर ठेवलं होतं. छोटा पंप त्या गादीत हवा खेळती ठेवतो, म्हणजे एकाच जागी दाब येत नाही. एका दुपारी तो पंप बंद पडला आणि गादी चपटी होऊन पलंगाला चिकटली.

उंचमावशींनी सुनेला फोन केला. सून मीटिंगमध्ये. घाईघाईनं म्हणाली, बघा काय करता येतंय ते, पैशांचं तुमच्या ऑफिसला विचारा. मग मावशींनी इकडे फोन लावला. मी समोरच बसलो होतो, त्यामुळे ताईंचं बोलणं मी स्वतः ऐकलंय. पलीकडून काय आलं ते नंतर कळलं.

मावशी म्हणाल्या, “ताई, आजींची गादी गेली. नवी आणते. नियमाप्रमाणे खर्च आपण करायचा ना?”

ताई म्हणाल्या, “हो मावशी, आपणच करायचा. लिहिलंय ना मी. बिल तेवढं जपून ठेवा.”

एवढंच. अर्ध्या मिनिटाचा फोन. दुसऱ्या लाइनवर कुणाची तरी सकाळची बाई आली नव्हती आणि ती माणसं तारस्वरात ओरडत होती. गादी म्हटल्यावर ताईंच्या डोळ्यांसमोर आली पलंगावर घालायची साधी मेणकापडी गादी. किंमत त्यांनी विचारली नाही. आणि ताईंनी म्हटलेलं ‘आपण’ म्हणजे मावशीनं आधी घालायचे. मावशींनी ऐकलेलं ‘आपण’ म्हणजे आपलं ऑफिस. दोघी एकच शब्द बोलल्या आणि दोघींचं समाधान झालं.

मावशींकडे एवढे पैसे असणार कुठून? त्या ओळखीच्या सर्जिकल दुकानात गेल्या, एजन्सीच्या नावावर पंपासकट नवी गादी उधार घेतली आणि संध्याकाळच्या आत आजींना त्यावर झोपवलं. सून घरी आल्यावर मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, “तुम्ही काही द्यायचं नाही हं. आमच्याकडे नवा नियम झालाय. खर्च आपण करायचा.” आणि खात्रीसाठी ग्रुपवरचा कागद तिला पाठवूनही दिला.

महिनाअखेर दुकानाचं बिल माझ्या टेबलावर आलं. मी नव्या नियमाप्रमाणे ते पेशंटच्या बिलात लावलं आणि बिल पाठवलं. तिकडून मुलाचा फोन आला तो थेट मॅडमना. म्हणे, तुमच्या बाईनं लेखी दाखवलंय की खर्च एजन्सीचा, आता पैसे कसले मागता? ही फसवणूक आहे, ती बाई मला घरात नको. मॅडमचा पारा चढला. त्यांच्या खोलीच्या दाराला काच आहे. काचेतून मला त्यांचे फक्त हात दिसत होते, आणि ते हात पाहूनच मी दुकानाचं बिल शोधून वर काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उंचमावशींना बोलावलं. ताईंना आणि मलाही. मावशी भिंतीशी उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात. मॅडमनी आधीच ठरवून ठेवलं होतं: मावशींना सोमवारपासून आजींकडून काढायचं, आणि गादीचे पैसे त्यांच्या पगारातून हप्त्यानं कापायचे. मावशींच्या पगारावर तीन माणसं जेवतात, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मॅडमनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्या मावशींकडे न बघता टेबलावरच्या पेनशी बोलत होत्या.

“मी विचारून घेतली,” मावशी म्हणाल्या. “फोन केला होता मी ताईंना.”

मॅडमनी ताईंकडे पाहिलं. आणि मग असा आवाज काढला की मला कळलं, मॅडम ताईंना पळवाट दाखवताहेत. “ताई, तुम्ही कुठली तरी साधी गादी समजला असाल. एवढ्या मोठ्या खर्चाला काही तुम्ही हो म्हटलं नसणार. मला माहीत आहे तुम्ही किती काळजीपूर्वक काम करता. परवानगी अशी काही दिली नव्हती ना?”

नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. खोटंही नव्हतं पुरतं. खरोखरच साधी गादी समजल्या होत्या त्या. मावशींचं बोलणं एका बाजूला आणि ताईंचं दुसऱ्या, आणि मॅडम कुणाचं ऐकणार हे सांगायला ज्योतिषी नको. ताईंना त्या खुर्चीची किती गरज होती ते मी जाणतो. त्या कंबरेनं त्यांना दुसरं काम कोण देणार? शिंपीदादांची आताशा नजरही अधू होत चालली आहे, सुईत दोरा ताईच ओवून देऊन येतात सकाळी. मी मनात म्हणत होतो, बाई, एकदा तरी शहाणपणा करा.

“दिली होती,” ताई म्हणाल्या. “गादी म्हणाल्या, मी हो म्हटलं. कुठली, केवढ्याची, हे विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही. खर्च आपण करायचा का विचारलं, त्यालाही हो म्हटलं.”

“अहो पण आपण म्हणजे कोण?” मॅडम ओरडल्या.

“आपण म्हणजे ऑफिस,” उंचमावशी हळूच म्हणाल्या.

“मी लिहिलं तेव्हा आपण म्हणजे मावशी,” ताई म्हणाल्या.

“आपण म्हणजे मी!” मॅडमनी टेबलावर हात आपटला. “बँकेतून जातात ते माझे पैसे! आपण, आपण! गोड गोड लिहायला सांगितलं कुणी तुम्हाला?”

सही करताना ‘किती गोड’ कोण म्हणालं होतं, ते माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. त्याऐवजी मी ऑडिटरचा इंग्रजी कागद काढला. मी काही धीट माणूस नाही, पण कागद हातात असला की मला जरा जोर येतो. म्हटलं, मॅडम, नियमात काय आहे ते मी आपला सांगतो. मर्यादेवरच्या खर्चाला ड्युटी लावणाऱ्या व्यक्तीची आधी परवानगी पाहिजे. ती घेतली होती, देणारीनं कबूल केलंय. दुकानाचं बिल आहे, तारीख आहे, वेळेत आलंय. म्हणजे खर्च मंजूर. मावशींचा पगार कापायला यात कलम नाही. ताईंचा कापायलाही नाही. कापला तर ती रक्कम मी कुठल्या खात्यात दाखवू? ऑडिटर तुम्हालाच विचारेल.

मॅडमनी तो कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि वरपासून वाचला. शेवटी म्हणाल्या, “आणि त्या घरच्यांचं काय? त्यांनी मागितलंय की ही बाई नको.”

“मी बोलते सुनेशी,” ताई म्हणाल्या आणि तिथूनच फोन लावला. आढेवेढे नाहीत, गोडीगुलाबी नाही. “वहिनी, तुम्हाला दाखवलेला कागद मी लिहिलाय. चूक माझ्या मराठीची आहे. मावशींनी तुम्हाला फसवलेलं नाही. त्यांना जसं समजलं तसं त्यांनी सांगितलं. खर्च तुमच्या बिलात यायचा असतो, हे मी त्यात लिहिलंच नव्हतं.” मग त्या बराच वेळ नुसतं “हो... हो...” म्हणत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, सून म्हणते, यजमान चिडलेत, पूर्ण पैसे देणार नाहीत. अर्धे ती देईल. आणि म्हणते, त्या दिवशी मावशी दुकानात धावल्या नसत्या तर जखम परत उघडली असती. त्यांना बदलू नका, यजमानांचं मी बघते. कालपासून बदलायचं म्हणून बोलताहेत घरात, तर सासूबाईंनी सकाळी दूधही घेतलं नाही.

उंचमावशींनी इतका वेळ डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र पदर तोंडाला लावला. “मॅडम, मी जाऊ का? दुपारचं भरवायचं राहील,” म्हणाल्या. मॅडमनी हात हलवला. जा. मावशी दारातून वाकून गेल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. उरलेले अर्धे पैसे मी एजन्सीच्या खर्चात टाकले. मॅडमनी सही केली, पण कागद फाटेल अशी.

मी उठलो. ताईही उठल्या. तेव्हा मॅडम म्हणाल्या, “ताई, थांबा जरा.” राग गेला होता आवाजातला, आणि मला वाटतं ताईंना तेच जास्त लागलं. “कागद परत लिहा. ‘आपण’ कुठेही नको. ऑफिस म्हणजे ऑफिस, मावशी म्हणजे मावशी. आणि तुम्ही एक समजून घ्या. तुम्ही आता मावशी नाही. त्या खुर्चीतून तुम्ही हो म्हटलं की ते ऑफिसनं म्हटलेलं असतं. दोन्हीकडे उभं राहता येत नाही.”

खरं सांगायचं तर मॅडमचं चुकलं नव्हतं. हिशेबाच्या बाजूनं बघितलं तर एक अक्षर चुकलं नव्हतं. आणि म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला.

ताईंनी त्या दिवशी कागद घरी नेला नाही. टेबलावरच लिहिला. एकदाही मला विचारलं नाही की हे कसं वाटतं, ते कसं वाटतं. पंखा मी त्यांच्याकडे फिरवला तर म्हणाल्याही नाहीत की, “आज सूर्य कुठे उगवला?” लिहून झाल्यावर माझ्यापुढे सरकवला. ‘पेशंटसाठी अचानक काही आणावं लागलं तर आधी तुम्ही स्वतःचे पैसे खर्च करायचे. तुम्ही बिल दिल्यावर ऑफिस तुम्हाला पगाराबरोबर पैसे परत देईल. ऑफिस ते पेशंटच्या बिलात लावेल. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च असेल तर तुम्ही आधी फोन करून वस्तू आणि किंमत सांगायची आणि ऑफिसची परवानगी घ्यायची.’ कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, पक्कं झालंय. त्या म्हणाल्या, हो, आता कुणाचं काही बिघडणार नाही.

कागद ग्रुपवर गेला. या वेळी एकही फोन आला नाही. ना कुणी छत विचारलं, ना मनोरंजन. सगळ्यांना सगळं कळलं.

पगाराच्या दिवशी मावश्या सही करायला येतात. एरवी ताईंच्या टेबलाभोवती नुसता गलका असतो. कुणाची सून, कुणाचा गुडघा, कुणाच्या पेशंटच्या गमती. त्या दिवशी आल्या, सह्या केल्या, “येतो हं ताई” म्हणाल्या आणि निघाल्या. कुणी तुसडेपणा केला असं म्हणणं खोटं होईल. फक्त टेबलाच्या ताईंकडच्या बाजूला कुणी आलं नाही. दोघीतिघी तर फोनवर बोलताना ताईंना आता ‘ऑफिस’ म्हणायला लागल्या होत्या. “ऑफिसला विचारून सांगते,” असं पेशंटच्या माणसांना सांगताना मीच ऐकलं.

उंचमावशी सगळ्यात शेवटी आल्या. सही केली, आजींची जखम सुकली म्हणून सांगितलं. मग मोबाइल काढला, तो नवा कागद उघडला आणि ताईंसमोर धरला.

“ताई, बरोबर समजलंय का बघा. परत घोळ नको माझ्याकडून,” म्हणाल्या. “यातलं ‘तुम्ही’ म्हणजे आम्ही. मावश्या.”

“हो, मावशी.”

“आणि ‘ऑफिस’ म्हणजे मॅडम.”

“हो.”

मावशींनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा बोटानं सरकवला. काहीतरी शोधत होत्या आणि ते सापडत नव्हतं. टोचून बोलायचा स्वभावच नाही त्यांचा. अगदी भाबडेपणानं विचारलं त्यांनी. “मग यात तुम्ही कुठं आहात, ताई?”

फोन वाजत होता, तो ताईंनी वाजू दिला. मला वाटलं काहीतरी थट्टा करतील, त्यांना सुचते वेळेवर.

“यात मी नाही, मावशी,” त्या म्हणाल्या. “मी नुसतं लिहिलंय.”